चिवड्याचं पाकीट बदलताना: फिल्म नवी, चेहरा जुना

पुण्यातले अनेक लहान फरसाणवाले सध्या एकाच प्रश्नाशी झुंजताहेत. वर्षानुवर्षं चालत आलेलं पाकीट पुनर्वापर न होणाऱ्या प्लास्टिकचं आहे आणि ते बदलायचं आहे. पण गिऱ्हाईक त्या पाकिटाला रंगावरून ओळखतं, नाव वाचून नाही. मी एका घरगुती चिवड्याच्या व्यवसायात पॅकिंगची खरेदी बघतो. आमचा हा बदल पुरा झाला आहे. या लेखात फक्त पाऊचमधल्या तळलेल्या किंवा भाजलेल्या खाऱ्या मालाबद्दल लिहितो आहे. बाटल्या, डबे, मिठाईचे खोके यांचं गणित वेगळं आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. डिझाइनची फाईल तीच ठेवली म्हणून पाकीट तेच दिसत नाही. फिल्म बदलली की रंगाची खोली, चकाकी, पाकिटाचा ताठपणा आणि हातात घेतल्यावरचा आवाज हे सगळं आपोआप बदलतं. म्हणजे नव्या फिल्मवर जुना चेहरा जाणीवपूर्वक पुन्हा घडवावा लागतो.

१. आधी तुमचं आजचं पाकीट कशाचं आहे ते समजून घ्या

तुमच्या प्रिंटरकडून सध्याच्या लॅमिनेटची रचना लेखी मागवा. खाऱ्या मालाची नेहमीची रचना अशी असते: बाहेर १२ मायक्रॉन पॉलिएस्टर, मध्ये १२ मायक्रॉन मेटलाइज्ड पॉलिएस्टर आणि आत ५० मायक्रॉनच्या आसपास पॉली, म्हणजे पॉलिथिलीन. छपाई बाहेरच्या थराच्या आतल्या बाजूने, उलटी केलेली असते. म्हणून ती घासून जात नाही आणि वरून काचेसारखी चमकते.

अडचण अशी की पॉलिएस्टर आणि पॉली एकत्र वितळवता येत नाहीत आणि एकमेकांना चिकटवलेले असल्यामुळे वेगळेही करता येत नाहीत. त्यामुळे असं पाकीट शेवटी जाळलं तरी जातं किंवा कचरा डेपोत तरी पडतं.

यावरचा व्यवहार्य मार्ग म्हणजे सगळे थर एकाच कुळातल्या प्लास्टिकचे करणं. आम्ही निवडलेली रचना: बाहेर २० मायक्रॉन बीओपीपी, मध्ये १८ मायक्रॉन मेटलाइज्ड बीओपीपी, आत ३५ मायक्रॉन सीपीपी. तिन्ही थर पॉलिप्रॉपिलीनचे. मधल्या फिल्मवरचा ॲल्युमिनियमचा लेप इतका पातळ असतो की तो फॉइलसारखा वेगळा थर ठरत नाही.

वजनाचा हिशोबही करून बघा. पॉलिएस्टरची घनता १.४, पॉलीची ०.९२ आणि पॉलिप्रॉपिलीनची ०.९ च्या आसपास असते. जुन्या रचनेत पॉलिएस्टरचे दोन थर मिळून चौरस मीटरला साधारण ३४ ग्रॅम, पॉली ४६ ग्रॅम, शाई आणि गोंद ५-६ ग्रॅम, म्हणजे एकूण ८५ ग्रॅमच्या आसपास होतात. नव्या रचनेत एकूण ७३ मायक्रॉन पॉलिप्रॉपिलीनचे ६६ ग्रॅम आणि शाई-गोंद धरून ७२ ग्रॅम. वीस बाय अठ्ठावीस सेंटिमीटरच्या २०० ग्रॅमच्या पाऊचला दोन्ही बाजू धरून ०.११२ चौरस मीटर फिल्म लागते, म्हणजे साडेनऊ ग्रॅमचं पाकीट आठ ग्रॅमवर येतं. फिल्म किलोवर विकत घेतली जाते. त्यामुळे नव्या फिल्मचा किलोचा दर थोडा जास्त असला तरी तुलना पाकिटामागच्या खर्चाची करा.

२. कागदाचा मोह आधी बाजूला ठेवा

पहिली सूचना सगळे हीच करतात: ब्राऊन पेपरचं पाकीट करा, लोकांना लगेच कळेल. चिवड्यासाठी मी स्पष्ट नको म्हणतो, आणि त्याची दोन कारणं आहेत.

पहिलं कारण तेलाचं. नुसता कागद तेल आणि दमटपणा अडवत नाही, म्हणून आतून प्लास्टिकचा थर द्यावा लागतो. मग ते पाकीट कागद आणि प्लास्टिक यांचं मिश्रण होतं. केंद्राच्या २०२२ च्या ईपीआर नियमांत, म्हणजे पॅकिंगच्या कचऱ्याची जबाबदारी उत्पादकावर टाकणाऱ्या नियमांत, प्लास्टिकबरोबर दुसरा पदार्थ असलेलं बहुस्तरीय पॅकिंग तिसऱ्या वर्गात येतं, तर फक्त प्लास्टिकचं लवचिक पॅकिंग दुसऱ्या वर्गात. म्हणजे वरून कागद दिसतो, पण पुनर्वापराच्या दृष्टीने तुम्ही आणखी अवघड माल तयार केलेला असतो.

दुसरं कारण ओळखीचं. कागद शाई पितो. फिल्मवर झणझणीत दिसणारा लाल ब्राऊन कागदावर विटकरी होतो आणि पिवळा मोहरीच्या रंगाकडे झुकतो. तुमचं पाकीट पिवळ्या-लाल रंगावर ओळखलं जात असेल तर ती ओळख तिथेच संपली.

कंपोस्ट होणाऱ्या फिल्मबद्दलही विचारणा होते. २०१० मध्ये अमेरिकेत सनचिप्स या चिप्सच्या ब्रँडने कंपोस्ट होणारी पिशवी आणली होती. ती हाताळताना इतका कर्कश आवाज करायची की तक्रारींमुळे कंपनीने बहुतेक प्रकारांसाठी जुनी पिशवी परत आणली. गिऱ्हाइकाला पाकीट परकं वाटायला आवाज पुरला. त्याच्या आदल्या वर्षी ट्रॉपिकानाने उलट केलं: माल तोच ठेवून खोक्यावरचं संत्र्यात खोचलेल्या स्ट्रॉचं चित्र काढून टाकलं. दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे २० टक्क्यांनी घसरली आणि जुनं खोकं परत आलं.

३. गिऱ्हाईक नेमकं काय ओळखतं ते दुकानात उभं राहून शोधा

पुण्यात दोन प्रकारची दुकानं आहेत आणि दोन्हीकडे ओळख वेगळ्या माणसाची असते. कोथरूड किंवा बाणेरच्या सुपरमार्केटमध्ये गिऱ्हाईक स्वतः फळीवरून उचलतं. पेठांतल्या किराणा दुकानात गिऱ्हाईक काउंटरच्या अलीकडे उभं राहून म्हणतं, "काका, ते पिवळं पाकीट द्या, लाल पट्टीचं." उचलतो दुकानदार, तोही अर्ध्या लक्षात, फोनवर बोलत. तिथे त्याच्या हाताला सवय झालेली असते.

म्हणून दोन्हीकडे जा. फळीचा फोटो काढा आणि फोनवर तो इतका धूसर करा की अक्षरं वाचता येणार नाहीत. अशा फोटोत तुमचं पाकीट ज्यामुळे सापडतं ती तुमची खरी ओळख. आमच्या बाबतीत ती तीन गोष्टींत निघाली: वरची लाल पट्टी, मधला पिवळा आणि कडेची सोनेरी चौकट. लोगो चौथ्या क्रमांकावर आला. मालकांना हे पटायला वेळ लागला, कारण लोगोवर सगळ्यांचा जीव असतो.

दुकानदाराला मात्र प्रश्न विचारू नका. काउंटरवर नमुने ठेवा आणि तो कशाला हात घालतो ते बघा. पाकिटं क्रेटमध्ये उभी लावली असतील तर त्याला फक्त वरची पट्टी दिसते, दोरीला टांगली असतील तर पूर्ण चेहरा. यावरून कोणता भाग अजिबात बदलून चालणार नाही ते ठरवा आणि तशी यादी कागदावर लिहून प्रिंटरला द्या.

४. नवी फिल्म माल टिकवते का ते बघा

चिवडा मऊ पडला किंवा खवट झाला तर पाकीट कितीही ओळखीचं असून उपयोग नाही. इथे पॉलिप्रॉपिलीनचा एक गुण आणि एक दोष लक्षात ठेवा. दमटपणा ते उत्तम अडवतं, त्यामुळे कुरकुरीतपणाची काळजी कमी. प्राणवायू मात्र मेटलाइज्ड पॉलिएस्टरपेक्षा कितीतरी जास्त आत सोडतं. चांगल्या मेटलाइज्ड पॉलिएस्टरमधून चौरस मीटरला दिवसाला एक-दोन घन सेंटिमीटर प्राणवायू जातो, तर मेटलाइज्ड बीओपीपीमधून दर्जाप्रमाणे वीस-तीसपासून पुढे. शेंगदाणे, खोबऱ्याचे काप आणि तळणीचं तेल खवट होण्यामागे हाच प्राणवायू असतो, आणि उजेड लागला की ते काम आणखी वेगाने होतं.

त्यामुळे मेटलचा थर काढू नका. "माल दिसायला हवा" म्हणून पारदर्शक खिडकी ठेवायचा आग्रह विक्रीकडून हमखास येतो, तोही या मालासाठी मान्य करू नका. पॅकिंग करताना नायट्रोजन भरा आणि पाकिटात उरलेला प्राणवायू २ ते ३ टक्क्यांच्या खाली आहे का ते मोजून घ्या.

चाचणीसाठी भरलेली पाकिटं ३८ अंश सेल्सिअस आणि ९० टक्के आर्द्रतेच्या कपाटात ठेवतात आणि ठराविक अंतराने तेलाचा खवटपणा दाखवणारी पेरॉक्साइड व्हॅल्यू आणि फ्री फॅटी ॲसिड, शिवाय ओलावा मोजतात. जुन्या फिल्ममधली पाकिटंही त्याच कपाटात शेजारी ठेवा, नाहीतर आलेले आकडे कशाशी ताडायचे ते कळत नाही. याबरोबरच काही पाकिटं पावसाळ्यात खऱ्या दुकानाच्या फळीवरही ठेवा.

पॉलीच्या एकाच कुळातली, म्हणजे पूर्ण पॉलिथिलीनची रचनाही मिळते आणि पुनर्वापराची साखळी तिच्यासाठी काहीशी मोठी आहे. तरी आम्ही ती घेतली नाही. ती फिल्म मऊ असते, पाकीट फळीवर मान टाकतं, चेहऱ्याला घड्या पडतात आणि लाल पट्टी मागे झुकते. ओळख टिकवायची असेल तर ताठपणा ही रंगाइतकीच मोठी गोष्ट आहे.

५. रंग जुळवणं: या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या

पॉलिएस्टरची शाई बीओपीपीवर तशीच चालेल असं गृहीत धरू नका. शाईची जात वेगळी लागते आणि शाई बदलली की छटा सरकते. छपाईचे सिलिंडर नवे करायच्या आधी शाईवाल्याकडून खऱ्या नव्या फिल्मवर ड्रॉडाउन काढून घ्या, म्हणजे हाताने ओढलेला रंगाचा पट्टा. तो मागे मेटलाइज्ड फिल्म आणि सीपीपी लावून, पूर्ण लॅमिनेट करूनच बघा. लॅमिनेट होण्याआधीचा रंग आणि नंतरचा रंग यांत चांगलाच फरक पडतो.

सोनेरी रंगाची गोष्ट नीट समजून घ्या. पाकिटावरचा सोनेरी बहुतेक वेळा सोनेरी शाईचा नसतो. पारदर्शक पिवळी शाई असते आणि तिच्या मागून मेटल चमकतं. बाकीच्या भागात रंगामागे पांढऱ्या शाईचा थर असतो, म्हणून ते भाग सपाट आणि भरीव दिसतात. त्यामुळे मेटल बदललं की सर्वांत आधी सोनेरी बिघडतं. मेटलचा लेप पातळ असेल तर तो करडा आणि मेलेला दिसतो. लेपाची घनता, जिला ऑप्टिकल डेन्सिटी म्हणतात, २.२ च्या आसपास मागा आणि प्रत्येक लॉटच्या अहवालात तो आकडा बघा. पांढरा थर विरळ पडला तर मागचं मेटल डोकावतं आणि लाल काळपट दिसतो. तो सुधारायला लालात फेरफार करू नका, पांढरा दाट करा.

जुना आणि नवा नमुना दुपारच्या उजेडात, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली आणि पिवळसर एलईडीखाली शेजारी ठेवा. बाहेर जुळणारे दोन लाल ट्यूबखाली वेगळे दिसू शकतात, कारण त्यांत वापरलेली रंगद्रव्यं वेगळी असतात. प्रिंटरकडे रंग मोजणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर असतो. मुख्य दोन रंगांसाठी डेल्टा ई, म्हणजे दोन नमुन्यांच्या रंगांतल्या फरकाचा आकडा, २ च्या आत आणि बाकीच्यांसाठी ३ च्या आत, अशी अट खरेदीच्या ऑर्डरमध्येच लिहा. मापासाठी मूळ नमुना म्हणून ताजं पाकीट घ्या. दुकानात महिनोन्‌महिने उजेडात राहिलेल्या पाकिटाचा लाल उडालेला असतो.

मग शेड कार्ड करून घ्या: मधला पसंत रंग, एक मान्य फिका आणि एक मान्य गडद, तिन्ही नव्या लॅमिनेटवर, दोन्ही बाजूंच्या सह्यांसह. एक संच तुमच्याकडे, एक प्रिंटरच्या मशीनपाशी. दोन्ही संच अंधाऱ्या कपाटात ठेवा. हे कार्ड नसेल तर रंगावरून होणाऱ्या वादाला अंत नसतो.

मॅट फिनिशचा सल्लाही मिळेल, म्हणे "पर्यावरणाचा लूक" येतो. मॅट थराने रंगाची धार बोथट होते. पहिल्या बदलात चकाकी जुनीच ठेवा.

६. सिलिंडर आणि मशीन

ग्रॅव्हिअर छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर असतो आणि तो महाग पडतो. रोलची रुंदी आणि पाकिटाची लांबी तीच ठेवलीत तर बहुतेक सिलिंडर पुन्हा वापरता येतात. मागच्या बाजूचा कायद्याचा मजकूर एकाच रंगात असेल तर फक्त त्या रंगाचा सिलिंडर नवा करावा लागतो. डिझायनरला हे आधीच सांगा.

बीओपीपी पॉलिएस्टरपेक्षा जास्त ताणलं जातं. छपाईच्या वेळी ताण आणि वाळवणीची उष्णता कमी ठेवली नाही तर रंग एकमेकांवर नीट बसत नाहीत आणि पाकिटाची लांबी किंचित बदलते. लांबी बदलली की तुमच्या पॅकिंग मशीनवर आय मार्क, म्हणजे पाकीट कुठे कापायचं ते मशीनला दाखवणारी खूण, सरकतो आणि लाल पट्टी काही पाकिटांवर रुंद, काहींवर अरुंद येते. भरलेली पाकिटं एका ओळीत उभी करा, हा दोष लगेच डोळ्यांत भरतो.

सीलिंगला खरी गडबड होते. पॉलिएस्टर २५० अंशांच्या पुढे वितळतं, त्यामुळे जुन्या फिल्मवर सील दाबणारा मशीनचा जबडा, म्हणजे जॉ, कितीही तापला तरी बाहेरचा थर शांत असतो. बीओपीपी १६० ते १६५ अंशांना वितळतं आणि त्याच्या बऱ्याच आधी आकसायला लागतं. जुन्या तापमानावर मशीन चालवलं तर वरचा सील सुरकुततो, आणि नेमकी तिथेच आपली लाल पट्टी असते. म्हणून कमी तापमानाला सील होणारं, ११० ते ११५ अंशांपासून धरणारं सीपीपी मागा आणि जॉ १३० ते १४० अंशांच्या पट्ट्यात ठेवून सुरुवात करा. सुरुवातीला मशीनचा वेग थोडा कमी ठेवावा लागतो. सील पक्का आहे का ते बघायला पाकीट पाण्यात बुडवून निर्वातात धरतात. बुडबुडे आले तर नायट्रोजनही गेला आणि चिवडाही.

७. कागदपत्रं

फिल्मवाल्याकडून तांत्रिक माहितीपत्रक आणि आयएस ९८४५ प्रमाणे केलेल्या मायग्रेशन चाचणीचा, म्हणजे फिल्ममधून अन्नात काय उतरतं ते मोजणाऱ्या चाचणीचा, अहवाल घ्या. एफएसएसएआयच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत ही मर्यादा चौरस डेसिमीटरला १० मिलिग्रॅम किंवा किलोला ६० मिलिग्रॅम आहे. अहवाल तुमच्या रचनेचा हवा, फिल्मवाल्याच्या दुसऱ्या एखाद्या मालाचा चालणार नाही. शाई आयएस १५४९५ प्रमाणे असल्याचं लेखी पत्र घ्या. याशिवाय हे हाताशी ठेवा:

- एफएसएसएआय परवान्याची प्रत
- सध्याच्या लेबलची मूळ फाईल
- ट्रेडमार्क नोंदणीची प्रत. नोंदणी रंगांसह असेल तर ते रंग तपासा
- केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या, म्हणजे सीपीसीबीच्या, पोर्टलवरच्या ईपीआर नोंदणीची माहिती, तुमची आणि पाऊच बनवणाऱ्याची
- सह्या केलेलं शेड कार्ड

दर्शनी बाजूवर मोठं हिरवं पान आणि "इको-फ्रेंडली" छापायचा विचार असेल तर थांबा. दिशाभूल करणाऱ्या पर्यावरणीय दाव्यांवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. असे मोघम शब्द पुराव्याशिवाय आणि खुलाशाशिवाय वापरता येत नाहीत. शिवाय पिवळ्या-लाल पाकिटावर हिरवं पान आलं की धूसर फोटोत ते वेगळंच पाकीट दिसतं. मागच्या बाजूला लहान अक्षरांत "पाकिटाचे सर्व थर पॉलिप्रॉपिलीनचे" एवढं पुरे. ते खरं आहे आणि सिद्ध करता येतं.

८. भंगारवाल्याला विचारा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. नव्या पाऊचचे रिकामे नमुने घेऊन जवळच्या भंगारच्या दुकानात जा आणि स्वच्छ संस्थेच्या कचरावेचक ताईंशी बोला. पुण्यात घराघरांतून कचरा उचलण्याचं मोठं काम त्या करतात. कशाला भाव मिळतो आणि कशाला नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. उत्तर मनासारखं येईलच असं नाही. छापील, मेटलाइज्ड आणि तेलकट हलकं पाकीट वेचणं परवडत नाही, असं त्या स्पष्ट सांगतील. एका कुळातली फिल्म पुनर्वापर करता येण्याजोगी असते, पण ती गोळा झाली तरच पुढे जाते. म्हणून दुकानांतून रिकामी पाकिटं परत घेण्याची किंवा गोळा करणाऱ्या संस्थेशी करार करण्याची तयारी ठेवा, आणि तोपर्यंत "पुनर्वापर होतो" असं कुठेही लिहू नका.

९. बाजारात कधी आणि कसं आणायचं

दिवाळीच्या तोंडावर कधीही नाही. पावसाळ्यात चाचण्या, दिवाळीचा सगळा माल जुन्या फिल्ममध्ये आणि बदल जानेवारीत, हा क्रम सोयीचा पडतो. जुने छापील रोल किती किलो उरलेत ते मोजून नव्याची ऑर्डर द्या, कारण प्रिंटर काहीशे किलोंच्या खाली छापत नाही.

नवा माल एकदम सगळीकडे पाठवू नका. आधी एका भागातल्या मोजक्या दुकानांत द्या आणि तिथला जुना माल संपला आहे याची खात्री करा. एकाच फळीवर दोन छटांची पाकिटं शेजारी आली की "हा डुप्लिकेट तर नाही?" हा प्रश्न येतोच, मग फरक कितीही बारीक असो. दुकानदाराला मात्र आधी भेटून सांगा: फिल्म बदलली आहे, चिवडा तोच, वजन तेच, किंमत तीच. गिऱ्हाइकाने विचारलं तर उत्तर द्यायला तोच तिथे असतो.

पहिले तीन महिने परत आलेल्या मालाची नोंद दोन रकान्यांत ठेवा. खवट, मऊ किंवा हवा गेलेली पाकिटं एका रकान्यात. ही सील आणि नायट्रोजनची तक्रार आहे, मशीनपाशी जा. "नेहमीचं नाही वाटलं", "रंग उडालाय", "पाकीट पातळ आहे" ही दुसऱ्या रकान्यात. ती आली की त्या लॉटचं पाकीट शेड कार्डाशेजारी ट्यूबखाली धरून बघा. रंग कार्डाच्या आत असेल आणि तक्रार पातळपणाची असेल तर आतलं सीपीपी ३५ ऐवजी ४० मायक्रॉन करून बघता येतं. पाकिटामागे अर्ध्या ग्रॅमची भर पडते आणि हाताला जुना भरीवपणा परत लागतो.

ही दुसरी नोंद शांत झाली की मगच पुढच्या भागातल्या दुकानांना नवा माल द्या.